"आवाज सोन्याचाच होता": नातवाच्या आवाजात पैसे मागणारा फोन ओळखायचा कसा?

कृष्णाकाठ | मंगळवार, सकाळी ९:१०

गेल्या बुधवारी माझ्या वडिलांच्या बाबतीत जे झालं ते जसंच्या तसं लिहिते. आमचं नुकसान होऊन गेलंय. पण एक प्रश्न डोक्यातून जात नाही, तो इथल्या जाणकारांना विचारायचा आहे.

आबा ७४ वर्षांचे, कराडला असतात. माझा भाचा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, घरात सगळे त्याला सोन्या म्हणतात. बुधवारी अकरा चाळीसला आबांना व्हॉट्सॲपवर फोन आला. आई हळदीकुंकवाला गेली होती, घरात आबा एकटेच. पलीकडून सोन्या रडत होता. "माझा ॲक्सिडेंट झालाय, एक माणूस गाडीखाली आलाय, पोलिसांनी धरलंय. पप्पांना सांगू नका." एवढं बोलणं झालं आणि फोन दुसऱ्याने घेतला. तो म्हणाला, मी इन्स्पेक्टर बोलतोय, समोरची पार्टी पंच्याण्णव हजारांत मिटवायला तयार आहे, गुन्हा एकदा दाखल झाला की पोराचं करिअर संपलं. आणि फोन कट करू नका, कट केला की मी सही करून मोकळा होणार.

आबांच्या खात्यात सत्तेचाळीस हजार होते. त्यांनी अकरा बावन्नला पंचवीस हजार पाठवले आणि अकरा अठ्ठावन्नला वीस हजार. फोन चालूच होता, स्पीकरवर. उरलेल्या पन्नास हजारांसाठी ते शेजारच्या काकूंकडे गेले. काकूंनी पैसे काढून देण्याआधी आपल्या फोनवरून सोन्याला लावला. तो कॉलेजच्या प्रॅक्टिकलला होता. बाहेर येऊन त्याने उचलला तेव्हा बारा पस्तीस झाले होते.

त्यानंतर आमचा अर्धा तास एकमेकांना फोन करण्यात गेला. १९३० या सायबर हेल्पलाइनला मी एक वाजून पाच मिनिटांनी तक्रार दिली. दुसऱ्या रकमेतले अठरा हजार चारशे कुठल्याशा खात्यात अडकवलेत असं कळलं. बाकीचे गेले.

आबा परत परत एकच सांगतात, "अगं, आवाज सोन्याचाच होता. मी काय माझ्या नातवाचा आवाज ओळखत न्हाई?" त्यांनी दोन दिवस धड जेवण केलं नाही. सोन्याचे कॉलेजच्या गॅदरिंगचे निवेदनाचे व्हिडिओ इन्स्टाग्रामवर सगळ्यांना दिसतात, तिथूनच आवाज उचलला असणार असं माझा भाऊ म्हणतो.

तर असा आवाज खोटा आहे हे ऐकून कळतं का? नेमकं काय ऐकायचं? आबांना शिकवता येईल असं काही आहे का?

रानजाई | मंगळवार, ९:४८

फार वाईट वाटलं वाचून. आबांना जपा.

खोटा आवाज ओळखता येतो. मशीन श्वास घेत नाही. माणूस बोलताना मध्ये श्वास घेतो, थांबतो, अडखळतो. मशीन सपाट बोलत जातं. शांतपणे ऐकलं तर लगेच कळतं. आणि सोपा उपाय म्हणजे व्हिडिओ कॉल करायला सांगायचं, चेहरा दिसला की विषय संपला. शिवाय असे फोन +92 ने सुरू होणाऱ्या नंबरवरून येतात. नंबर बघून घ्यायची सवय लावा. आणि अनोळखी नंबरवर आपण आधी हॅलो म्हणायचं नाही, त्यातूनच आवाज चोरतात.

माणदेशी | मंगळवार, १०:२०

मलाही असाच फोन आला होता. समोरचा म्हणाला, तुमच्या वडिलांचा मित्र बोलतोय, त्यांचे दोन हजार द्यायचे होते, चुकून वीस हजार गेले, अठरा परत करा. पैसे आल्याचा एसएमएसपण दाखवत होता. मी खातं बघितलं तर एक रुपया आला नव्हता. तो एसएमएस बँकेचा नसून साध्या मोबाईल नंबरवरून आलेला होता. तेव्हा एसएमएसवर विश्वास ठेवू नका, खातं उघडून बघा.

कृष्णाकाठ | मंगळवार, १०:३१

माणदेशी, तुम्ही वाचलात हे बरं झालं. आमच्याकडे मात्र एसएमएस वगैरे काही नव्हतं, फक्त आवाज.

रानजाई, नंबर भारतातलाच होता, +91. डीपीला वर्दीतला फोटो.

लंबक | मंगळवार, दुपारी १:१५

मी फोनवरच्या आवाजावर काम करतो. आवाज दाबून पाठवायचा आणि पलीकडे पुन्हा उभा करायचा, ती बाजू. म्हणून थोडं लांब लिहितो.

पहिल्यांदा रानजाईंच्या श्वासाबद्दल. काही वर्षांपूर्वी ते बरोबर होतं. आताची मशिनं श्वास, हुंदका, अडखळणं सगळं घालतात. पण त्याहून मोठी अडचण फोनची आहे. जुन्या पद्धतीचा साधा कॉल आवाजातला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच भाग पलीकडे नेतो, वरचं सगळं कापतो. फोरजीवरचा चांगला कॉल ७००० पर्यंत नेतो. स आणि श यांची सळसळ, श्वासाची फुसफुस, आवाजाची चकाकी, हे बरंचसं त्या वरच्या भागात असतं. म्हणजे नकली आवाजाच्या खुणा जिथे सापडल्या असत्या नेमका तोच भाग फोन फेकून देतो. खरा नातूसुद्धा फोनवर थोडा नकलीच ऐकू येतो, आपला कान त्याला सरावलाय इतकंच. व्हॉट्सॲपवर आवाज एरवी बरा येतो, पण रेंज कमी असली की तोही दाबला जातो. वर रडणं आणि मागे गाड्यांचा गोंगाट. तो गोंगाट मुद्दाम घातलेला असतो, कारण त्याखाली काहीही खपतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एक प्रयोग केला. लोकांना यातले काही आवाज नकली आहेत असं आधी सांगून इंग्रजी आणि मँडरिनमधली वाक्यं ऐकवली. तरी नकली आवाज त्यांना ७३ टक्के वेळाच ओळखता आले. आबांना कोणी आधी सांगितलं नव्हतं, आणि त्यांचा नातू रडत होता. तेव्हा "मला ओळखता कसं आलं नाही" ही टोचणी त्यांच्या मनातून आधी काढा. ऐकून ओळखणं हा खात्रीचा मार्गच नाही. आबांना काही शिकवायचं तर कान सोडून दुसरं शिकवावं लागेल.

तुमच्याकडून मला एक माहिती हवी आहे. आबांना शांतपणे, घाई न करता विचारा की पहिलं वाक्य नेमकं काय होतं. "सोन्या" हा शब्द आधी कोण बोललं, पलीकडचा की आबा?

हडसनकाठ | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

मी न्यू जर्सीत असते. इथे हे बरीच वर्षं चालू आहे, आजीआजोबांना गाठून नातू तुरुंगात आहे असं सांगायचं. फेडरल ट्रेड कमिशनने मार्च २०२३ मध्ये इशारा दिला होता की आता यात नकली आवाजही वापरला जातोय. आमच्या ओळखीतल्या एका मराठी आजींना मुलाच्या आवाजात फोन आला, मग 'वकील' बोलला आणि जामिनाची रोख रक्कम घ्यायला माणूस दारावर येईल म्हणाला. यूपीआय वगैरे काही नाही, सरळ पाकीट घ्यायला माणूस. सून वेळेवर घरी आली म्हणून वाचल्या.

एफबीआयने डिसेंबर २०२४ मध्ये लोकांना सांगितलं की घरात एक गुप्त शब्द ठरवून ठेवा. आम्ही लगेच ठरवला. घरच्या सगळ्यांना माहीत, बाहेर कुठे लिहिलेला नाही. कृष्णाकाठ, तुम्हीही तेच करा.

पडवी | मंगळवार, रात्री ९:४०

गुप्त शब्दाबद्दल माझा अनुभव वेगळा आहे. माझी आई ८१ वर्षांची. शब्द ठरवला, चार वेळा घोकून घेतला. महिन्याने मी मुद्दाम फोन करून विचारलं, "आई, आपला शब्द काय?" तर म्हणाली, "कसला रे शब्द?" विसरली एवढंच असतं तर ठीक होतं. पुढच्या वेळी मी विचारायच्या आधीच तिने तो मला सांगून टाकला, "हा ना तो शब्द?" म्हणून. म्हणजे भामट्याने नुसतं "शब्द सांगू का?" म्हटलं असतं तरी तिने स्वतःच दिला असता.

तरुणांच्या घरात हे चालेल. आमच्यासारख्या घरात त्या शब्दाच्या भरवशावर राहणं मला धोक्याचं वाटतं.

हडसनकाठ | मंगळवार, रात्री ११:२२

पटलं, पण पूर्ण नाही. शब्द आजीने सांगायचा नसतोच, आजीने विचारायचा असतो. समोरच्याला सांगता आला नाही की फोन ठेवायचा. हा सराव एकदा सोडून दहादा केला तर जमतो. आमच्या सासूबाईंना जमला.

पडवी | बुधवार, सकाळी ७:५०

तुमच्या सासूबाईंना जमला, माझ्या आईला नाही जमत. दोन्ही खरं आहे. नातू रडत असताना "आधी शब्द सांग" म्हणायला जी छाती लागते ती प्रत्येक आजीकडे नसते.

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ११:०२

लंबक, काल रात्री आबांशी बोलले. जेवण झाल्यावर, अंगणात बसून. आधी ते म्हणाले, "त्यानं सांगितलं, आबा मी सोन्या बोलतोय." मी म्हटलं, आबा, घाई नाही, आठवून सांगा. फोन उचलला तेव्हा तुम्ही कुठे होता, हातात काय होतं? ते म्हणाले, चष्मा पुसत होतो. मग फोन घेतला, हॅलो म्हटलं. पलीकडून रडण्याचा आवाज, आणि "आजोबा... आजोबा, मी..."

इथे ते स्वतःच थांबले. सोन्या त्यांना जन्मात कधी आजोबा म्हणालेला नाही. बोलायला लागल्यापासून आबाच. मग हळूच म्हणाले, "मीच म्हणालो गं. सोन्या? काय झालं रे बाळा? असं मीच म्हणालो."

त्यानंतर त्या इन्स्पेक्टरने सगळीकडे "सोन्या" म्हटलं. "तुमचा सोन्या माझ्यासमोर बसलाय." आणि आबांना वाटलं, याला घरातलं नाव माहीत आहे म्हणजे पोरगं खरंच तिथे आहे.

हे सांगताना आबांचे डोळे भरून आले. मला कळेना की मी विचारायला हवं होतं की नको.

लंबक | बुधवार, दुपारी १२:३०

विचारलंत ते बरंच झालं. फसवणूक कानाने केली नाही, रीतीने केली, हे आबांनाच दिसलं.

मला शंका होती ती ही. यातल्या कितीतरी फोनमध्ये नकली आवाज नसतोच. कोणाही तरुण मुलाचं रडणं असतं आणि त्यावर आपण आपल्या नातवाचा आवाज चढवतो. रडताना, किंचाळताना माणसाचा आवाज त्याचा स्वतःचा राहत नाही, घशातून येणारा सूर बदलतो. म्हणून रडणारे सगळे एकमेकांसारखे ऐकू येतात. गेल्या काही वर्षांत आईवडिलांना "तुमच्या मुलाला अटक झालीय" म्हणून जे फोन आले, त्यातल्या पुष्कळांत मागे नुसतं "पप्पा, मला वाचवा" असं ऐकवलं जायचं. नाव आपण पुरवतो, नातं आपण पुरवतो, आवाजही आपणच पुरवतो.

अर्थात तुमच्या बाबतीत नक्की काय झालं हे मी इथे बसून सांगू शकत नाही. व्हिडिओ उघडे होते, तेव्हा आवाज उचलणं शक्य होतं. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२३ मध्येच तीन सेकंदांच्या नमुन्यावर चालणारी पद्धत दाखवली होती, तीही इंग्रजीसाठी. त्यामुळे रानजाई, हॅलो न म्हणून काही वाचत नाही. ज्याचे तासभर व्हिडिओ बाहेर आहेत त्याचं एक हॅलो कोण चोरेल?

पण नकली आवाज असो की नुसतं रडणं, फोनची घडण एकच असते, आणि ती का असते ते समजलं की ओळखायला सोपं जातं.

नकली आवाज दोन प्रकारे वापरतात. एकात वाक्यं आधी लिहून मशीनकडून वदवून घेतात आणि फोनवर वाजवतात. ती वाजवलेली वाक्यं तुमच्या प्रश्नाला उत्तर देऊ शकत नाहीत. तुम्ही मध्येच "कुठल्या चौकीत आहेस?" विचारलं तरी ती आपल्याच तालात पुढे जातात. म्हणून 'नातू' दहा सेकंद बोलतो आणि लगेच फोन कोणीतरी ओढून घेतं. पोलीस, वकील, डॉक्टर, जो कोणी असेल तो. पुढचा सगळा व्यवहार त्याच्याशी. आपण "त्याला परत द्या" म्हटलं की तो देत नाही, किंवा तेच रडणं पुन्हा ऐकवतो.

दुसऱ्या प्रकारात भामटा स्वतः बोलतो आणि मशीन त्याच्या गळ्याच्या जागी नातवाचा गळा बसवतं. हा उत्तरं देऊ शकतो. पण मशीन गळा बदलतं, बोली बदलत नाही. शब्द, हेल, कुठे थांबायचं, कुणाला काय म्हणायचं, हे सगळं त्या भामट्याचंच राहतं. कराडचं पोरगं आजोबांशी "मला वाचवून घ्या" असं बोलणार नाही. आबाच्या जागी आजोबा आलं, तशी गोष्ट. कानाला काही काम द्यायचंच असेल तर ते हे: आवाज कोणाचा ते सोडा, बोलणं कोणाचं आहे ते ऐका. भामटाही सातारकडचा निघाला तर मात्र हेही चालणार नाही.

रानजाई | बुधवार, दुपारी २:१०

नंबरचं आणि हॅलोचं मान्य, चुकलं माझं. पण व्हिडिओ कॉलने काय बिघडतं? चेहरा तर नकली होणार नाही ना?

लंबक | बुधवार, दुपारी २:४५

होतो. जुलै २०२३ मध्ये कोळीकोडच्या एका निवृत्त गृहस्थांना जुन्या सहकाऱ्याचा व्हिडिओ कॉल आला. नातलगाच्या शस्त्रक्रियेला चाळीस हजार हवेत म्हणाला. चेहरा तोच. त्यांनी पाठवले. थोड्या वेळाने आणखी पस्तीस हजार मागितले तेव्हा त्यांना शंका आली आणि त्यांनी त्या सहकाऱ्याला त्याच्या स्वतःच्या नंबरवर फोन लावला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. केरळ पोलिसांनी पैसे शोधून अडवले, पण ते त्यांचं नशीब.

त्यांना सोडवलं ते चेहऱ्याने नाही, उलट फोन करण्याने. तुमच्या शेजारच्या काकूंनीही तेच केलं.

पासबुक | बुधवार, दुपारी ४:००

मी बँकेतून निवृत्त झालो, शेवटची काही वर्षं तक्रारींचंच काम होतं. पैशांच्या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

एक, पैसे जाण्याआधी पडद्यावर ज्याला पैसे जाणार त्याचं नाव येतं. आधी काही ॲपमध्ये समोरच्याने स्वतः ठेवलेलं नाव दिसायचं. जून २०२५ अखेरपासून यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने सर्वांना सक्ती केली आहे की बँकेच्या खात्यावर असेल तेच नाव दाखवायचं. कृष्णाकाठ, आबांच्या पडद्यावर कुणाचं नाव आलं होतं?

दोन, तक्रार. १९३० लावताना हाताशी पाहिजे तो व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, रक्कम, वेळ आणि आपलं कोणत्या बँकेतलं खातं ते. फोन लागत नसेल तर cybercrime.gov.in वर भरा. तक्रार गेली की आपल्या बँकेकडून समोरच्या बँकेला कळतं आणि खात्यात शिल्लक असेल तेवढी रक्कम अडकवली जाते. पण भामटे पैसे एका खात्यात ठेवत नाहीत. पहिल्यातून तीन-चार खात्यांत फोडतात, तिथून एटीएमने काढतात. तुमची पहिली रक्कम निघून गेली आणि दुसरीतली थोडी सापडली, त्याचं कारण हेच. अकरा अठ्ठावन्न ते एक पाच, एवढ्या वेळात पुष्कळ होतं.

आणि एक कडू गोष्ट. रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियम अनेक जण पुढे करतात, की तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. तो नियम आपल्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांसाठी आहे. आबांनी स्वतः पिन टाकून पाठवले आहेत. त्या नियमाखाली बँक भरपाई देणार नाही, त्यात महिने घालवू नका. अडकवलेले अठरा हजार चारशे मिळवण्याच्या मागे लागा. त्यासाठी पोलीस ठाण्यातून कागद लागतो, आणि काही वेळा पुढे कोर्टाचा आदेशही. तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा.

कृष्णाकाठ | बुधवार, संध्याकाळी ६:१५

पासबुक, नाव आलं होतं. इतिहासात अजून दिसतंय. भलत्याच राज्यातल्या माणसाचं आहे, दोन्ही वेळा वेगवेगळं. आबांनी ते वाचलंही होतं आणि इन्स्पेक्टरला विचारलंही होतं. तो म्हणाला, "पार्टीचा भाऊ आहे, माझ्या नावावर घेतले तर लाच होईल ना काका." आबांना ते पटलं, उलट माणूस सरळ वाटला.

आणखी एक राहिलं. सोन्या त्या फोनच्या आधी भीमाशंकरला जाऊन आला होता, गाडीवरून. त्याने स्टोरी टाकली होती. फोनवाल्याने "मंचरजवळ ॲक्सिडेंट" असं सांगितलं होतं. ते त्याला कसं कळलं? नुसतं रडणंच असेल तर हे कुठून आलं?

लंबक | बुधवार, संध्याकाळी ७:००

ते मला उलगडत नाही. स्टोरी बघून ठरवून केलं असेल तर त्यांना आवाजही मिळाला असणार, आणि मग "आजोबा" का म्हणाले? स्टोरीत तो आजोबांना काय म्हणतो ते थोडंच दिसतं, हे एक उत्तर. की "मंचर" हे आबांनी नंतर सोन्याकडून ऐकलं आणि आठवणीत मागे जाऊन बसलं? पुन्हा विचारून त्यांना त्रास देऊ नका. त्याचं उत्तर मिळालं तरी करायचं तेच आहे.

पडवी | बुधवार, रात्री ८:२०

उलट फोन करण्यात एक भोक आहे, ते बुजवायला हवं. मी लावला आणि त्याने उचललाच नाही तर? सोन्या प्रॅक्टिकलला होता, काकूंना किती वेळ लागला बघा. तेवढ्या वेळात इन्स्पेक्टर धमकावतच असतो.

आणि दुसरं म्हणजे, लावलेला फोन भामट्याकडेच गेला तर? आमच्या सोसायटीत एकीला कुरिअरवाल्याने *401* आणि पुढे एक नंबर डायल करायला लावला. त्यानंतर तिला येणारे सगळे कॉल त्या नंबरवर वळत होते. तिच्या मैत्रिणी तिला खात्री करायला फोन करत होत्या आणि उचलत होता तो.

लंबक | बुधवार, रात्री ९:०५

दोन्ही मुद्दे महत्त्वाचे आहेत. दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून असे कोड वापरून कॉल वळवणं थांबवायला सांगितलं होतं, तरी मी तपासून घेईन. सोन्याने स्वतःच्या फोनवर *#21# डायल करावं, सगळे कॉल कुठे वळवलेत का ते दिसतं. असतील तर ##002# ने सगळं रद्द होतं.

उलट फोन साध्या कॉलने करायचा, ज्या व्हॉट्सॲपवरून फोन आला तिथेच नाही. अकाउंट चोरीला गेलेलं असेल तर ते भामट्याच्याच हातात असतं. आणि नंबर आपल्या फोनमध्ये आधीपासून असलेला, त्याने आत्ता सांगितलेला "नवा नंबर" नाही.

उचलला नाही तर दुसरा माणूस. सोन्याचा रूममेट, भाऊ, तुम्ही. "पप्पांना सांगू नका" हे वाक्य त्यासाठीच असतं, दुसरा माणूस मध्ये येऊ नये म्हणून. म्हणून मी घरात उलटं सांगून ठेवलंय: कोणालाही सांगू नका असं जो म्हणेल त्याचं पहिल्यांदा सगळ्यांना सांगायचं.

कट करू नका, या धमकीचंही तसंच. खरंच अटक झाली असेल तर आबांनी पाच मिनिटं फोन ठेवल्याने काही बिघडत नाही. पोलिसांनी नातलगांना कळवलंच पाहिजे, आणि चौकीचं नाव सांगितलं की त्या चौकीचा नंबर आपण शोधून लावू शकतो.

हडसनकाठ | गुरुवार, सकाळी ६:३०

पडवी, तुमच्या आईसाठी एक सुचतंय. शब्दाऐवजी प्रश्न. असा, की ज्यात चूक घातली आहे. आमच्या ओळखीच्या त्या आजी आता विचारतात, "अरे, मनीचं बाळंतपण झालं का?" घरात मनी नावाची कोणीच नाही. खरा मुलगा म्हणेल, कोण मनी? खोटा म्हणेल, हो हो झालं. आजींना काही लक्षात ठेवावं लागत नाही, रोजच्यासारखी चौकशीच करायची.

पडवी | गुरुवार, सकाळी ८:१५

हे आईला जमेल. ती तशीही मला अनोळखी माणसांच्या चौकशा विचारते. फक्त घाबरलेला खरा मुलगाही "हो हो झालं" म्हणून मोकळा होईल का, याची भीती वाटते. म्हणजे हो म्हणाला तरी खोटाच असं नाही. पण फोन ठेवून मला लावायला तेवढं पुरे.

कृष्णाकाठ | पुढचा सोमवार, रात्री ९:३०

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. सोन्याने *#21# बघितलं, काही वळवलेलं नव्हतं. व्हिडिओ त्याने फक्त ओळखीच्यांपुरते केलेत. काढून टाक असं मी म्हटलं नाही, त्याने मेहनतीने केलेली निवेदनं आहेत.

आबांनी वहीच्या पानावर स्वतःच्या हाताने चार नंबर लिहिलेत: सोन्या, त्याचा रूममेट, माझा भाऊ, मी. पान स्विचबोर्डशेजारी चिकटवलंय. खाली लिहिलंय, "आधी ठेवायचा. मग लावायचा."

काल सोन्याचा फोन आला, मेसचे तीन हजार दोनशे भरायचे होते आणि भाऊ प्रवासात होता. आबांनी काही न बोलता फोन ठेवला. चष्मा लावला, पानावरचा नंबर एकेक आकडा बघून लावला. एंगेज. कारण सोन्या तिकडून परत त्यांनाच लावत होता. तिसऱ्यांदा लागला. सोन्या म्हणाला, "आबा, मीच होतो की!" आबा म्हणाले, "आता तू आहेस. मगाशी कोण होतं मला ठावं न्हाई."

अठरा हजार चारशे अजून अडकलेलेच आहेत. पोलीस ठाण्यात पुढच्या आठवड्यात बोलावलंय. पासबुक, तिथे जाताना बँकेचा उतारा शिक्क्यासह लागेल की मोबाईलवरचा चालेल?

पासबुक | पुढचा सोमवार, रात्री १०:१०

शिक्क्याचा न्या. त्या दिवसाचा आणि आधीच्या महिन्याचा, दोन्ही. आबांनाही सोबत न्या, जबाब खातेदाराचाच घेतात. त्यांना आधी पोटभर जेवू घाला, तिथे वेळ लागतो.